एक मिलिलिटरचा चेहरा

एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या सौंदर्यस्पर्धेच्या वीसेक स्पर्धकांचे फोटो इंटरनेटवर झळकले आणि दोन-चार दिवसांत जगभर फिरले. कारण एकच होतं. सगळ्याजणी सख्ख्या बहिणी वाटत होत्या. तसेच मोठे डोळे, तशीच टोकदार हनुवटी, तसंच सरळ नाक. कोरियात प्लास्टिक सर्जरी किती बोकाळली आहे याचा हा पुरावाच, असं लोकांनी ठरवूनही टाकलं. नंतर याच मुलींचे साधे, फारसा मेकअप नसलेले फोटो समोर आले, तेव्हा त्या एकमेकींपासून चांगल्याच वेगळ्या दिसल्या. एकसारखेपणा बराचसा मेकअपने आणि फोटोवर नंतर केलेल्या सफाईने आणलेला होता.

तेव्हा लोक हसले आणि विसरले. पण पुढच्या काही वर्षांत जे घडलं त्याचा क्रम या प्रकरणात आधीच दिसतो. चेहरे आधी फोटोत एकसारखे झाले, प्रत्यक्षात नंतर. अमेरिकी लेखिका जिया टोलेंटिनो यांनी २०१९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये या नव्या चेहऱ्याला ‘इन्स्टाग्राम फेस’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. वर उचललेली गालांची हाडं, फुगीर ओठ, छोटं नाक, मांजरीसारखे किंचित तिरपे डोळे, आणि रंग असा की माणूस कोणत्या देशातला ते सांगता येऊ नये.

या गोष्टीची सुरुवात हातात धरलेल्या फोनपासून होते. सेल्फी काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर लांब असतो. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याच्या पुढ्यात येतं आणि कान मागे पडतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. त्यांच्याकडे येणारे लोक फोन पुढे करून ‘हे नाक लहान करा’ म्हणत, म्हणून त्यांनी हा हिशेब केला होता. म्हणजे ज्या नाकाची तक्रार होती, ते नाक त्या माणसाच्या चेहऱ्यावर नव्हतंच. लेन्सने बनवलेलं होतं. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकी सर्जनांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना विचारलं, तेव्हा ५५ टक्के सर्जननी सांगितलं, की सेल्फीत चांगलं दिसायचंय म्हणून लोक येतात.

लेन्सनंतर येतो फिल्टर. फिल्टर सुंदर कशाला मानतो, याचं सगळ्यात उघडं उत्तर २०१७ मध्ये ‘फेसअ‍ॅप’ने दिलं, तेही नकळत. या अ‍ॅपमध्ये चेहरा ‘हॉट’ करायची सोय होती. भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ती वापरून पाहिली, तर त्वचा उजळ झालेली. ओरड झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि कारणही सांगितलं: यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेल्या फोटोंतच पक्षपात होता. यंत्राला सौंदर्य कळत नाही. त्याला दाखवलेल्या हजारो चेहऱ्यांत जे वारंवार आलं, तिकडे ते प्रत्येक नव्या चेहऱ्याला ढकलतं. आपल्याकडे ‘गोरी पाहिजे’ हे जाहिरातीत छापणाऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, हे खरं. पण त्या हट्टाला आता अ‍ॅपमधलं एक बटण मिळालं.

पूर्वीचे फिल्टर तरी ओळखू येत. चेहऱ्यासमोरून हात फिरवला की कुत्र्याचे कान हलायचे, काजळ बोटावर उमटायचं. २०२३ मध्ये ‘टिकटॉक’वर आलेल्या ‘बोल्ड ग्लॅमर’ने ही खूण जवळजवळ पुसली. हात आडवा नेला तरी गालांची नवी हाडं आणि भरलेले ओठ जागचे हलत नसत. भारतात तोवर ‘टिकटॉक’वर बंदी येऊन तीन वर्षं होत आली होती, पण चेहरा परस्पर सुधारणारे कॅमेरे आपल्या फोनमध्ये होतेच. अनेक फोनमध्ये ही सफाई आधीपासून चालू असायची, मालकाने मागितलेली नसतानाही. गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये ती आधीपासून बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी झाली, यावरूनच उरलेल्यांची रीत कळावी. रोज तसाच फोटो पाहणाऱ्या मुलीला आरशातला चेहरा कमअस्सल वाटू लागला, तर तिला दोष कसा द्यायचा?

एकेकाळी लोक डॉक्टरकडे नटीचा फोटो घेऊन जात. आता स्वतःचाच, फिल्टर लावलेला फोटो घेऊन जातात. बोस्टनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं आणि ‘स्नॅपचॅट डिसमॉर्फिया’ हा शब्द डॉक्टरांच्या बोलण्यात रुळला.

पण मागणी एकसारखी असली तरी डॉक्टरच्या हातून वेगवेगळे चेहरे का निघत नाहीत? याचं उत्तर सिरिंजमध्ये आहे. आजचा हा चेहरा मुख्यतः सुरीने बनत नाही, फिलरने बनतो. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायलुरॉनिक आम्लाचा पारदर्शक जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत असतोच आणि पाणी धरून ठेवतो. अमेरिकेत २००३ मध्ये पहिल्यांदा असा जेल सुरकुत्यांसाठी मंजूर झाला. तो साधारण एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये येतो, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. ओठांना अर्धा ते एक मिलिलिटर पुरतो, गालांना जास्त लागतो.

आता या जेलला काय जमतं ते पाहा. तो भर घालू शकतो, काढू शकत नाही. गालाचं हाड वर दाखवता येतं, ओठ फुगवता येतात, हनुवटी पुढे आणता येते, नाकाच्या दांडीवरचा खड्डा भरता येतो. रुंद नाकपुडी लहान करता येत नाही. जोडीला बोटॉक्स असतं. ते स्नायू सैल करतं: कपाळ गुळगुळीत होतं, भुवईचं टोक थोडं उचलतं, जबड्याचा चावण्याचा स्नायू काही आठवड्यांत रोडावतो आणि चेहरा खाली निमुळता होतो. हे सगळं एकत्र केलं की जो चेहरा तयार होतो, तोच इन्स्टाग्राम फेस. औजारांना जे जमतं, तेच सुंदर ठरलं आहे, असं म्हणायला जागा आहे.

औजारं कशी चालवायची याचाही नकाशा आहे. मॉरिसिओ द मायो या ब्राझिलियन प्लास्टिक सर्जनने चेहऱ्यावरच्या टोचण्याच्या जागांना अक्षरं आणि आकडे दिले: गालासाठी एक मालिका, हनुवटीसाठी दुसरी, प्रत्येक जागी किती खोल आणि किती जेल. ‘एमडी कोड्स’ नावाची ही पद्धत ‘ज्युवेडर्म’ हा फिलर बनवणाऱ्या अ‍ॅलर्गन कंपनीच्या प्रशिक्षणांतून देशोदेशीच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. यात गैर काही नाही, उलट रुग्णाच्या सुरक्षेला त्याची मदतच होते. चुकून रक्तवाहिनीत जेल गेला तर रक्तपुरवठा तुटतो, त्वचा पांढरी पडून दुखते, क्वचित दृष्टी जाते. त्यामुळे कुठे टोचायचं नाही हे पाठ असलेलंच बरं. मात्र साओ पावलो, दुबई आणि वांद्रे इथल्या डॉक्टरांनी तोच नकाशा गिरवला, तर निकालही नात्यातलेच निघणार.

इथे एक सावधगिरीही हवी. नीट केलेलं काम ओळखू येत नाही. आपल्या नजरेत भरतात ते अति झालेले चेहरे, आणि त्यावरून आपण सगळ्यांचा अंदाज बांधतो.

मग अति होतं कसं? ‘फ्रेंड्स’ मालिकेतली मोनिका म्हणजे कोर्टनी कॉक्स हिने २०१७ मध्ये एका सौंदर्यविषयक मासिकाला ते फार स्वच्छ सांगितलं. डॉक्टर म्हणतो, तुम्ही छानच दिसता, फक्त इथे एक छोटं इंजेक्शन दिलं तर बरं. घरी येऊन आरशात पाहावं तर वाईट दिसत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. मग कुणीतरी दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवतं. तोही तेच म्हणतो. असं करता करता थरावर थर चढले आणि तिला ते कळलंच नाही. शेवटी तिने सगळा फिलर विरघळवून घेतला.

तिच्या सांगण्यात शरीराचा एक डाव दडलेला आहे. ओठांत फिलर भरल्यावर दोन-तीन दिवस सूज असते. सूज उतरली की ओठ खरं तर ठरवल्याइतकेच राहतात, पण सुजलेले ओठ पाहिलेल्या नजरेला ते ‘बसल्या’सारखे वाटतात. पुढच्या खेपेला मागणी थोडी जास्त असते. दुसरीकडे, फिलर सहा महिने ते वर्षभरात विरतो असं सांगितलं जातं, त्यामुळे ‘टच-अप’ची तारीख ठरलेली असते. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट मोबिन मास्टर यांनी एमआरआय करून पाहिलं, तर दोन वर्षांहून जास्त काळ इंजेक्शन न घेतलेल्यांच्या चेहऱ्यातही जेल सापडला. जुना शिल्लक असतानाच नवा भरला जात होता. आपला मूळ चेहरा कसा होता हेच लक्षात न राहण्याला या क्षेत्रात ‘पर्सेप्शन ड्रिफ्ट’ म्हणतात.

ओठांवर हे सगळ्यात आधी दिसतं, आणि पाहायचं ते बाजूने. वरच्या ओठाची कड ओलांडून जेल वर सरकला असेल, तर ओठ आणि नाक यांच्या मधे एक फुगवटा येतो, लिपस्टिकची रेघ कुठे संपवायची ते कळत नाही. नाकाखालच्या दोन उभ्या कडा आणि ओठाच्या मध्यावरची खाच सपाट होते. माणसामाणसांत वेगळ्या असतात त्या नेमक्या याच बारीक गोष्टी. बोलताना वरचा ओठ पूर्वीसारखा दुमडत नाही.

परतीची वाट आहे, पण सरळ नाही. हायलुरॉनिडेज नावाचं विकर टोचलं की जेल तासाभरात विरू लागतो. कधी दोन-तीन खेपा लागतात. मधमाशीच्या विषात याच जातीचं विकर असतं, म्हणून मधमाशी चावल्यावर जोरदार अ‍ॅलर्जी झालेल्यांनी डॉक्टरला ते आधी सांगावं लागतं. आणि हा उतारा फक्त हायलुरॉनिक आम्लावर चालतो. सिलिकॉन किंवा दुसरं काही भरलेलं असेल, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी खोक्यावरचं नाव वाचणं आणि बॅच क्रमांकाचा स्टिकर आपल्या फाइलवर लावून घेणं याला महत्त्व आहे.

फुगीर ओठांची फॅशन जिच्यामुळे घराघरांत पोचली त्या कायली जेनरने २०१५ मध्ये फिलर घेतल्याचं कबूल केलं होतं. जुलै २०१८ मध्ये तिने ते काढून टाकल्याचं सांगितलं, तेव्हा चाहत्यांनी तिचं कौतुक केलं. काही महिन्यांत ओठ पुन्हा भरलेले होते.