जानेवारीतली खाती आणि ६३ चे ६८०

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत जानेवारी उजाडला की शाखांमध्ये खास विक्री मोहीम सुरू व्हायची. रोजचं उद्दिष्ट एरवीपेक्षा चढं असायचं आणि एका कुटुंबाच्या गळ्यात बँकेच्या आठ सेवा घालायच्या, हा वरिष्ठांचा आग्रह होता. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचा परिणाम जगासमोर आला. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली होती. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचंही उघड झालं.

मग हे आधी कुणालाच दिसलं नव्हतं?

दिसलं होतं. संचालक मंडळाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल एप्रिल २०१७ मध्ये आला. त्यानुसार बँकेच्याच तपास विभागाने २००४ मध्ये लेखी इशारा दिला होता. विक्रीतल्या लबाडीची प्रकरणं २००० साली ६३ होती, २००४ मध्ये ती ६८० वर जातील असा अंदाज होता. पण प्रत्येक प्रकरण सुटं पाहिलं गेलं: माणूस दोषी ठरला, त्याला काढलं, फाइल बंद. वर्षाला जेमतेम एक टक्का लोक काढावे लागतात, म्हणजे बाकीचे नीट वागतात, अशी वरिष्ठांची समजूत होती.

नैतिक संस्कृती तपासणारे लेखापरीक्षक याच फाइली एकत्र मांडतात. तक्रारी कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, कुठल्या साहेबाच्या हाताखाली साचतात? वेल्स फार्गोत गैरप्रकार लॉस एंजलिस आणि ॲरिझोनात दाटले होते. विक्रीचं उद्दिष्ट चढत गेलं तसतशी पैसेच न भरलेली खातीही वाढत गेली. दोष निव्वळ माणसांचा असता, तर तो उद्दिष्टाबरोबर वरखाली झाला नसता.

नोंदवहीत मात्र फक्त बोललेलंच उतरतं. एखाद्या शाखेतून एकही तक्रार नसेल, तर तिथे सगळं आलबेल असेल किंवा सगळे घाबरलेले असतील. हा फरक निनावी पाहणीतून कळू शकतो, पण प्रश्न नेमका हवा. ‘आपली संस्था प्रामाणिक आहे का?’ याला सगळेच होकार देतात. ‘उद्दिष्टासाठी नियम वाकवावा लागेल असं या वर्षात कधी वाटलं का?’ किंवा ‘साहेबांची तक्रार केली तर त्रास होईल का?’ यांची उत्तरं बोलकी असतात. ती शाखेनुसार आणि हुद्द्यानुसार वेगळी करून पाहावी लागतात, कारण सरासरीत एक बिघडलेली शाखा सहज लपते. गट फार लहान असेल, तर माणूस ओळखू येतो आणि पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

कारण कळतं ते मुलाखतीत. मुलाखत घेणारा त्या साहेबांच्या साखळीतला नसावा आणि त्याने मतं विचारण्याऐवजी घटना विचाराव्यात: मागच्या वेळी उद्दिष्ट हुकलं तेव्हा कोण काय म्हणालं? तक्रार केलेला सहकारी आज कुठे आहे? एकाचा राग वैयक्तिक असू शकतो. तीन शाखांतल्या अनोळखी माणसांनी तोच प्रसंग सांगितला आणि नोंदवहीतही तोच महिना फुगलेला निघाला, तर उत्तर वरच्या मजल्यावर शोधावं लागतं.

वेल्स फार्गोत ते शोधलं गेलं ते दंडानंतर. २०१६ च्या ऑक्टोबरात प्रमुख जॉन स्टम्फ पायउतार झाले आणि शाखांवरची विक्रीची उद्दिष्टं रद्द झाली. उद्दिष्टं कमी करा किंवा काढून टाका, हे २००४ च्या त्या टिपणातही लिहिलेलं होतं.