सहा फोटो, एक लेबल

घरून बेकरी चालवणाऱ्या बहुतेक जणी लेबल ठरवायला बसल्या की आवडलेल्या पाकिटांचे फोटो गोळा करतात. दिवाळीत आलेला एखादा डबा, प्रदर्शनात घेतलेली बरणी, मैत्रिणीकडचा केकचा बॉक्स. फोटोवरून निवडायला हरकत नाही, कारण आपला मालही गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर, फोटोतच पाहणार असतं. मात्र फोटो ज्या उजेडात काढला असेल त्या उजेडाचा निर्णय आपल्या गळ्यात पडतो.

माझ्या सांगलीच्या वहिनी नानकटाई, नाचणीची बिस्किटं आणि मावा केक करतात. नानकटाई बरणीत, बिस्किटं पाऊचमध्ये आणि केक तपकिरी क्राफ्ट बॉक्समध्ये जातो. त्यांनी सहा नमुने जमवले होते: सोनेरी फॉइलच्या अक्षरांचा बॉक्स, पानाफुलांच्या रंगीत कड्यात नाव लिहिलेला पांढरा बॉक्स, गोल स्टिकर लावलेला क्राफ्ट बॉक्स, पारदर्शक स्टिकरवर पांढरी अक्षरं असलेली ब्राउनीची बरणी, कागदी पट्टी गुंडाळलेला डबा आणि पूर्ण रंगीत छापलेला पाऊच. एक फोटो स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला, दुसरा ट्यूबलाइटखाली, तिसरा दुकानातच. पिवळ्या उजेडातला क्राफ्ट नारिंगी दिसत होता, ट्यूबखालचा राखाडी. फोन उजेड आणि रंग आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे दोन फोटोंतले रंग एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

म्हणून सगळे नमुने पुन्हा एकाच जागी ठेवले. खिडकीजवळचं टेबल, सकाळचा उजेड, पण अंगावर ऊन नाही आणि घरातले दिवे बंद. बॉक्सच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद आणि दहा रुपयांचं नाणं. कागद फोटोत पांढराच दिसत असेल तर बाकीचे रंगही बऱ्यापैकी खरे आहेत असं समजावं. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून लेबलचं माप काढता येतं. फोन वस्तूच्या अगदी जवळ नेला की बॉक्सची पुढची कड फुगते आणि लेबल आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. म्हणून तीनेक फूट मागे सरकून दुप्पट झूम केलं. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. तो तसाच ठेवून सहाही फोटो काढले.

एवढ्यानेच एक नमुना गळाला. वहिनींना सोनेरी अक्षरं फार आवडली होती. आधीच्या फोटोत प्रकाश नेमका अक्षरांवर पडून परतत होता, म्हणून ती झळकत होती. खिडकीच्या उजेडात तीच अक्षरं काळपट दिसू लागली. “अगं, हा तोच बॉक्स का?” असं त्यांनी विचारलं. फॉइल धातूसारखं वागतं: समोर उजेड असेल तर चमकतं, नसेल तर अंधार परत करतं. शिवाय पारंपरिक पद्धतीने फॉइल लावायचं तर त्याचा ब्लॉक बनवावा लागतो, आणि थोड्या नगांना तो खर्च परवडत नाही.

पुढची कसोटी आकाराची. प्रत्येक फोटो फोनवर इतका लहान केला की लेबल नखाएवढं दिसावं, कारण व्हॉट्सॲपच्या यादीतल्या गोल चित्रात लोगो साधारण तेवढाच उरतो. पानाफुलांचं कडं तिथे हिरवट डाग झालं आणि आतलं नाजूक वळणदार नाव नाहीसं झालं. अशी कडी टेम्प्लेटमध्ये तयार मिळतात आणि तीच दुसऱ्या कुणाच्या मेणबत्त्यांवर किंवा साबणावरही असतात. तयार चित्रावर आपला एकट्याचा हक्क सांगता येत नाही, त्यामुळे पुढे ट्रेडमार्क घ्यायचा विचार असेल तर ते चित्र लोगोत नसलेलंच बरं.

मग फोटो कृष्णधवल केले. रंग गेल्यावर नाव आणि त्यामागची जमीन यांच्यात किती फरक आहे, ते उघडं पडतं. ब्राउनीच्या बरणीवरची पांढरी अक्षरं छान उठून दिसत होती, पण ती आतल्या काळ्या ब्राउनीच्या जोरावर. वहिनींची नानकटाई फिकट. रिकाम्या बरणीत नानकटाई भरून तिचा फोटो शेजारी ठेवला, तेव्हा अक्षरं जवळजवळ दिसेनाशी झाली. यात छपाईचीही अडचण आहे. साध्या डिजिटल मशीनमध्ये चार रंग असतात, पांढरा नसतो. पांढरं दिसतं ते कागदाचं पांढरेपण. पारदर्शक किंवा तपकिरी स्टिकरवर पांढरं हवं असेल तर पांढरी शाई असलेलं वेगळं मशीन शोधावं लागतं. त्याच कारणाने क्राफ्ट कागदावर छापलेला पिवळा मळकट येतो.

छापील पाऊच दिसायला सगळ्यांत पक्का होता, पण तसा पाऊच मोठ्या संख्येने छापावा लागतो. उद्या बिस्किटात साखरेऐवजी गूळ आला तर उरलेला गठ्ठा वाया. कागदी पट्टी मलाही आवडली होती, पण ती एका मापाच्या डब्यालाच बसते, आणि वहिनींकडे बरणी, पाऊच आणि बॉक्स अशी तीन रूपं. राहिलं गोल स्टिकर.

नमुन्यातलं गोल स्टिकर जसंच्या तसं उचलायचं नव्हतं. त्यातली रचना वाचायची होती. नाण्याशी ताडून माप आलं साधारण ५० मिलिमीटर. फोटो मोठा करून कड पाहिली, तर काठालगतची बारीक काळी रेघ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कापली गेलेली. कापणी एक मिलिमीटर सरकली तरी काठाची रेघ चुगली करते, आणि छोट्या कामात तेवढी सरकतेच. म्हणून रेघ हवीच असेल तर काठापासून तीन मिलिमीटर आत घ्यावी. नाहीतर ती नसलेलीच बरी. आम्ही काढून टाकली.

नावाची अक्षरं कमानीत बसवलेली होती. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ती वळणावर चालतात. देवनागरी कमानीवर चढवली की वरची बाजू फाकते आणि शिरोरेषेला अक्षराअक्षरात चिरा पडतात. दोन अक्षरांतलं अंतर वाढवलं तरी तेच होतं. मराठी नाव गोलातही सरळ ओळीतच लिहावं. वहिनींच्या बेकरीच्या नावात एक रफार आणि एक दीर्घ उकार आहे, म्हणजे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही जागा लागते. बारीक टोकांचा फॉन्ट घेतला तर लहान आकारात रफार आधी उडतो, आणि फार ठोकळ घेतला तर उकाराची पोकळी शाईने भरते. एक टाइपचा ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट धंद्यासाठीही मोफत वापरता येतात. दोन्हींत नाव लिहून बघितलं आणि मुक्तचं मध्यम जाड वजन घेतलं. अक्षरांत मराठी वळणाचे ल आणि श येतात का तेही बघून घ्यावं, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात. चित्र म्हणून नावाखाली नानकटाईची एकच आकृती ठेवली: एक वर्तुळ आणि त्यावर फुलीची चीर.

जमीन पांढरी, छपाई गडद तपकिरी. क्राफ्टवर क्राफ्टचंच स्टिकर फोटोत देखणं दिसतं, पण क्राफ्ट बॉक्सची छटा प्रत्येक खेपेला थोडी बदलते आणि मग ते जुळायचं म्हणून जुळत नाही. पांढरं स्टिकर कुठल्याही डब्यावर आपली जमीन स्वतःबरोबर घेऊन जातं. उलट रंगात, म्हणजे तपकिरीवर पांढरी अक्षरं, हाही पर्याय छापून पाहिला. लहान आकारात शाई पसरून अक्षरं बारीक झाली, म्हणून तो सोडला.

कायद्याला लागणारा मजकूर या गोलात कोंबायचा नाही. त्यासाठी दोन चौकोनी लेबलं ठरवली. समोर, गोलाखाली, ६० बाय २५ मिलिमीटरची पट्टी: पदार्थाचं नाव, निव्वळ वजन आणि शाकाहारी-मांसाहारी खूण. ही खूण पाकिटाच्या मुख्य दर्शनी बाजूला, नावाजवळ लागते, मागे चालत नाही. दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर हिरवा ठिपका किमान ३ मिलिमीटर व्यासाचा हवा. मावा केकमध्ये अंडं असल्यामुळे त्यावर तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण येतो. भारतीय लेबलच्या नियमात अंड्याचा पदार्थ मांसाहारी खुणेखालीच मोडतो, जोडीला ‘फक्त अंडं आहे’ असं लिहिता येतं. लोगोचं गोल सगळ्यांना एकच आणि पट्टी पदार्थागणिक वेगळी, ही विभागणी इथे उपयोगी पडली. नाहीतर केकवर चुकून हिरवा ठिपका जायला वेळ लागत नाही.

मागच्या लेबलवर वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, त्यात गहू, दूध, अंडं यांसारख्या ॲलर्जीच्या गोष्टींचा वेगळा उल्लेख, नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक, बॅच, किंमत, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावं याची तारीख. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून छापायच्या आधी एकदा ताजी यादी पाहावी. तारीख रोज बदलते, तेव्हा ती शिक्क्याने किंवा पेनाने लिहावी लागते. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई पुसते. त्यामुळे मागचं लेबल साध्या, न चकाकणाऱ्या मॅपलिथो स्टिकरवर घेतलं. गोल मात्र लॅमिनेट केलं, कारण तुपाचं बोट लागलं की उघडा कागद पारदर्शक डाग धरतो.

हे सगळं घरच्या प्रिंटरवर आधी छापलं. प्रिंटच्या खिडकीत Actual size निवडायचं, नाहीतर मशीन पानाला बसवायला माप बदलतं. कापून, चिकटपट्टीने खऱ्या बरणीला, पाऊचला, बॉक्सला लावलं आणि त्याच टेबलावर, तोच कागद आणि तेच नाणं ठेवून नमुन्यांच्या शेजारी फोटो काढले. पाऊचवर गोल खालच्या फुगीर भागावर आलं होतं आणि कडेला सुरकुती पडत होती. ते वर, सपाट भागावर सरकवलं.

मग छपाईवाल्याकडून एकच शीट घेतली. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर ५० मिलिमीटरची चाळीसच्या आसपास गोल स्टिकरं बसतात. त्यांना हाफ कट सांगायचं, म्हणजे वरचा थर कापला जातो आणि मागचा कागद शाबूत राहतो. स्टिकर लावलेला केकचा बॉक्स रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी बाहेर अर्धा तास. दव धरल्यावर कड उचलली का, शाई फुटली का, हे तेव्हाच कळतं. गोल तसंच राहिलं. मागच्या लेबलचा एक कोपरा सुटला, कारण तो बॉक्सच्या घडीवर आला होता. ते लेबल घडीपासून बोटभर आत घेतलं. गोल स्टिकरं पुढच्या काही महिन्यांची एकदम छापून घेतली, पट्ट्या आणि मागची लेबलं मात्र महिन्यापुरतीच, कारण नाचणीच्या बिस्किटांत गुळाचं प्रमाण अजून ठरायचं आहे.