गुडघ्यावरची हातोडी

गरोदरपणात बीपी वाढून झटके आले की लेबर रूममध्ये ‘मॅगसल्फ’ देतात, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एका प्रचलित पद्धतीत 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, मग दर चार तासांनी 5 ग्रॅम. मात्र पुढचं प्रत्येक इंजेक्शन देण्याआधी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाहतात. पाय उडाला तरच पुढचा डोस. झटके मेंदूतले, मग तपासणी गुडघ्याची का?

आधी मेंदूकडे बघू. चेतापेशीवर एनएमडीए रिसेप्टर नावाची दारं असतात. ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन तिथे बसलं की दार उघडतं, पण वाट मोकळी होत नाही. आत मॅग्नेशियमचा कण बुचासारखा अडकलेला असतो. शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. ही ओढ धनभारित मॅग्नेशियमला दारात खेचते, पण त्याला अरुंद जागेतून पलीकडे जाता येत नाही. शेजारच्या दारांतून सोडियम घुसून पेशी पुरेशी उत्तेजित झाली की ही ओढ ढिली पडते, बूच निघतं आणि कॅल्शियम आत येतं. हे 1984 मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं. प्रयोगशाळेत मेंदूच्या कापाभोवतीच्या द्रवातून मॅग्नेशियम काढून टाकलं, की त्या कापात झटक्यांसारखे विद्युत्स्फोट सुरू होतात.

आता गंमत बघा. ते 70 मिलिव्होल्ट टिकवतो कोण? घुसलेलं सोडियम बाहेर फेकणारा पंप. हा पंप म्हणजे एक एन्झाइमच, आणि त्याचं इंधन एटीपी. एटीपीच्या शेपटीत तीन फॉस्फेट, सगळे ऋणभारित. मॅग्नेशियम त्यांना धरून ठेवतं, तेव्हाच एन्झाइमला ती शेपटी नीट पकडून तोडता येते. म्हणजे पेशीच्या आतलं मॅग्नेशियम जो पंप चालवतं, त्याच्याच जोरावर बाहेरचं बूच जागेवर बसतं.

मात्र मॅगसल्फचं सगळं श्रेय या बुचाला देणं घाईचं ठरेल. रक्तातून मेंदूत मॅग्नेशियम फार थोडं शिरतं. शिवाय ते रक्तवाहिन्याही सैल करतं. औषध उपयोगी आहे, हे मात्र पक्कं. 2002 च्या ‘मॅगपाय’ चाचणीत सुमारे 10,000 स्त्रियांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

आता गुडघा. मज्जातंतूने स्नायूला निरोप द्यायचा तर तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरावं लागतं. जास्तीचं मॅग्नेशियम तेही अडवतं. रक्तातली पातळी नेहमीच्या साधारण पाचपट झाली की आधी गुडघ्याचा झटका जातो, आणखी वाढली की श्वास थांबतो. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून लघवीही मोजतात. मॅगसल्फ चालू असलेल्या खाटेशेजारी त्याचा उतारा तयार ठेवतात: कॅल्शियम ग्लुकोनेटची 10 मिलिलिटरची कुपी.