पावडर तीच, पाणी वेगळं

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की दोन दिवसांत गावच्या विहिरीचं पाणी चहासारखं होतं. वरून वाहून आलेली माती, कुजलेला पाला, शेणकचरा, कुठे कुठे गटारीचं पाणीही त्यात उतरलेलं असतं. जलसुरक्षक नेहमीच्या मापाने टीसीएल पावडर टाकतो. वहीत नोंद होते, पावडरीचा वासही येतो. तरीही आठवड्याभरात प्राथमिक आरोग्य केंद्रात जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि गावात एकच प्रश्न विचारला जातो: पावडर टाकली नव्हती का? टाकलेली असते. पण जंतूंपर्यंत पोचायच्या आधीच ती संपलेली असते.

ब्लीचिंग पावडर, म्हणजेच आपली टीसीएल, पाण्यात गेली की तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. खरं काम करतं ते हेच. त्याचा रेणू लहान असतो आणि त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जिवाणूच्या भिंतीतून सहज आत शिरतो आणि आतली विकरं निकामी करतो. पण त्याला जंतू आणि पाला यांतला फरक कळत नाही. ज्याचं ज्याचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं त्या सगळ्याशी त्याची क्रिया होते. कुजक्या पानांचा रस, शेवाळ, पाण्यात विरघळलेलं लोह, सांडपाण्यातला अमोनिया या सगळ्यांचा वाटा आधी द्यावा लागतो. या वाट्याला क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर पाण्यात जो उरतो तो अवशिष्ट मुक्त क्लोरीन. जंतू मारण्याची आणि पुढे नळात, हंड्यात पाणी राखण्याची भिस्त या उरलेल्यावर असते. म्हणून किती पावडर टाकली यापेक्षा किती क्लोरीन उरला हे विचारायला हवं.

एका लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलाच पाहिजे, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. विषाणूंचा धोका असेल तर ही मर्यादा 0.5 मिलिग्रॅम होते.

मागणी मोजायची एक जुनी, साधी पेटी आहे, हॉरॉक्सची. ब्रिटिश सैन्यातले वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांनी ती बनवली. तिच्यात 200 मिलिलिटरचे सहा पांढरे पेले, एक काळा पेला आणि 2 ग्रॅम पावडरीचा चमचा असतो. काळ्या पेल्यात चमचाभर पावडर कालवायची, खुणेपर्यंत पाणी घालायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचंच पाणी घ्यायचं. वरची निवळी पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, अशी सहाव्यात सहा थेंब घालून ढवळायचं. मग अर्धा तास थांबायचं. त्यानंतर प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकायचे. ज्या पेल्यांत क्लोरीन उरला असेल ते निळे होतात. पहिला निळा झालेला पेला कितवा, तितके चमचे पावडर 455 लिटर पाण्याला लागते.

समजा 4 मीटर व्यासाची विहीर आहे आणि मे महिन्यात तिच्यात 3 मीटर पाणी आहे. म्हणजे सुमारे 37,700 लिटर. पाणी नितळ आहे आणि दुसरा पेला निळा झाला, तर 455 लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे सगळ्या विहिरीला साधारण 330 ग्रॅम पावडर. आता पाऊस पडला आणि पाणी 4 मीटरवर आलं. पाणी तिसऱ्या हिश्श्याने वाढलं म्हणून कुणी 440 ग्रॅम टाकेल आणि त्याला वाटेल की हिशेब चोख झाला. पण पेटी लावली तर या वेळी पाचवा पेला निळा होतो. सुमारे 50,300 लिटरला 455 लिटरमागे 10 ग्रॅम, म्हणजे 1,100 ग्रॅम. पाणी थोडंच वाढलं, पावडर मात्र तिपटीहून जास्त लागली. 440 ग्रॅम टाकणाऱ्याच्या विहिरीत काहीच उरणार नाही.

पावडर तशीच विहिरीत ओतायची नाही. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवायची, चुन्याचा साका तळाला बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढायची आणि ती दोराने पाण्यात खालपर्यंत सोडून हलवायची. साका विहिरीत गेला तर पाणी जड होतं. हे काम रात्री करावं. एक तर उन्हाने क्लोरीन उडतो आणि दुसरं म्हणजे सकाळपर्यंत पाण्याला वेळ मिळतो.

हा वेळ महत्त्वाचा आहे. क्लोरीनचा मारा म्हणजे उरलेल्या क्लोरीनचं प्रमाण गुणिले मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना 0.5 मिलिग्रॅमसोबत किमान 30 मिनिटं मागते, म्हणजे गुणाकार 15. कॉलऱ्याच्या जिवाणूला याहून कितीतरी कमी पुरतं, विषाणूंना जास्त लागतं, जिआर्डियाच्या कवचबंद पुटीला त्याहून जास्त. क्रिप्टोस्पोरिडियमवर तर नेहमीच्या मात्रेच्या क्लोरीनचा जवळजवळ परिणामच होत नाही. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन दिलेलं पाणी पिऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते याच जंतूने. आणि मातीच्या कणाआड दडलेल्या साध्या जिवाणूलाही हा गुणाकार लागू पडत नाही, कारण क्लोरीन त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

टाकीत द्रावण ओतून लगेच व्हॉल्व्ह उघडला तर पहिल्या गल्लीला क्लोरीन भरपूर मिळतो, पण वेळ मिळत नाही. शेवटच्या गल्लीला वेळ मिळतो, पण तिथवर क्लोरीन टिकत नाही. म्हणून पाणी तपासायचं ते टाकीखाली नव्हे, शेवटच्या नळाला.

तपासणीतही एक चकवा आहे. नळीत ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की सगळे समाधानाने घरी जातात. पण पिवळं कधी झालं? मुक्त क्लोरीन असेल तर रंग दहा सेकंदांच्या आत येतो. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू चढलेला पिवळेपणा क्लोरामाइनचा असतो. सांडपाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीन बांधला गेला की क्लोरामाइन बनतं. तेही जंतू मारतं, पण फार सावकाश. शिवाय उग्र वास बऱ्याचदा या अशा संयुगांचाच असतो. मग गावात ओरड होते की पावडर जास्त झाली, आणि मात्रा आणखी कमी केली जाते. प्रत्यक्षात अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनला जवळपास आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन दिल्यावर ही संयुगं मोडतात आणि त्यानंतरच मुक्त क्लोरीन साठू लागतो. ओटी अंगाला अपायकारक असल्याने आता बऱ्याच ठिकाणी डीपीडीची गोळी वापरतात. तिने रंग गुलाबी येतो, पण घड्याळाकडे इथेही लक्ष ठेवावंच लागतं.

आणि पेटीतले सहाच्या सहा पेले पांढरेच राहिले तर? तर त्या पाण्यात पावडर ओतत राहणं हा उपाय नाही. इतक्या सेंद्रिय घाणीवर क्लोरीनचा मारा केला की ट्रायहॅलोमीथेनसारखी नको ती संयुगंही वाढतात. तेवढे दिवस ती विहीर पिण्यासाठी बंद ठेवायची, दुसरीकडचं पाणी उकळून प्यायचं आणि विहिरीभोवती एक फेरी मारायची. कठडा कुठे खचला आहे, शोषखड्डा किती जवळ आहे, गटारीचं पाणी कोणत्या बाजूने झिरपतं हे पाहायचं. ती वाट बुजवली आणि विहीर उपसून काढली की पेटी पुन्हा लावायची.