भेटीच्या पार्सलची किंमत कोण ठरवणार?

परदेशातल्या नातेवाइकानं पार्सलवर ‘भेटवस्तू’ असं लिहिलं की कस्टम ड्युटी लागत नाही, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. एके काळी ठरावीक रकमेपर्यंत तो खराही होता. पण डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं अधिसूचना काढली आणि टपालानं किंवा कुरिअरनं ‘भेट’ म्हणून माल सोडवण्याची ही वाट बंद झाली. अपवाद राहिले दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. तीही नुसती राखी, तिच्यासोबत ठेवलेलं घड्याळ किंवा मिठाईचा डबा त्यात बसत नाही. बाकी कुठलीही भेट पूर्ण ड्युटी भरूनच घरात येते.

म्हणजे आता भेट आहे की नाही यावर भांडण्यात अर्थ उरलेला नाही. सगळा वाद किमतीचा आहे, आणि तो नेमका कसा होतो ते लोकांना माहीत नसल्यामुळे अनेक जण सांगितली ती रक्कम भरून मोकळे होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, न्यू जर्सीतल्या भाच्यानं नाशिकच्या मामांना आपला जुना कॅमेरा पाठवला. मे २०१९ मध्ये त्यानं तो ६५० डॉलरला घेतला होता, पाच वर्षं वापरला आणि मे २०२४ मध्ये कुरिअरनं धाडला. फॉर्मवर किंमत लिहिली ८० डॉलर, कारण ‘जुनाच तर आहे, आणि मामांना भुर्दंड नको’. मुंबईत अधिकाऱ्यानं खोका उघडून पाहिला. कॅमेरा जपून वापरलेला, चकचकीत. त्यानं इंटरनेटवर शोधलं तर त्याच मालिकेतलं नवं मॉडेल ७०० डॉलरला दिसलं. त्यानं तीच किंमत धरली.

त्या वर्षी वैयक्तिक वापरासाठी आलेल्या मालावर मूळ ड्युटी ३५ टक्के होती. तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी साडेतीन. मग या सगळ्यासह होणाऱ्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी. करावर कर चढत जाऊन एकूण बोजा किमतीच्या ७७.२८ टक्के होई. डॉलर ८४ रुपये धरला आणि वाहतूक-विमा बाजूला ठेवला, तर ८० डॉलरवर कर होतो सुमारे ५,२०० रुपये आणि ७०० डॉलरवर सुमारे ४५,४००. वस्तू एकच, पण किमतीच्या एका आकड्यानं चाळीस हजारांचा फरक पडला. दर त्यानंतर उतरले आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ३५ वरून २० वर आला, त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटी २८ चा १८ झाला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ दर १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्यामुळे आपल्या पार्सलला त्या दिवशीचा दर लागला आहे ना, हे आधी तपासावं. पण दर कितीही असला तरी तो कुठल्या किमतीवर लावायचा हा प्रश्न राहतोच.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ नुसार किंमत म्हणजे व्यवहारात प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची रक्कम. भेटीत विक्रीच झालेली नसते, त्यामुळे हा सरळ रस्ता इथे चालत नाही. मग २००७ चे मूल्यांकन नियम लागू होतात. आधी तशीच वस्तू त्याच सुमारास कुठल्या किमतीला आयात झाली ते पाहायचं, मग तिच्यासारखी वस्तू, आणि काहीच हाती लागलं नाही तर नियम ९ प्रमाणे उपलब्ध माहितीवरून वाजवी अंदाज करायचा. वापरलेल्या एकट्या कॅमेऱ्याची गाडी बहुतेक वेळा या शेवटच्या स्थानकावरच येऊन थांबते.

पण नियम ९ म्हणजे अधिकाऱ्याला वाटेल तो आकडा नव्हे. निर्यात करणाऱ्या देशातल्या स्थानिक बाजारातली किंमत धरता येणार नाही, दोन पर्यायांपैकी चढा आकडा उचलता येणार नाही, मनमानी किंवा काल्पनिक किंमत लावता येणार नाही, असं त्या नियमातच लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या दुकानाच्या संकेतस्थळावरची नव्या मॉडेलची किंमत या कसोटीवर टिकायला कठीण आहे. शिवाय नियम १२ सांगतो की जाहीर केलेल्या किमतीबद्दल शंका असेल तर अधिकाऱ्यानं आधी कागदपत्रं मागावीत, आणि आयात करणाऱ्यानं मागणी केली तर शंकेची कारणं लेखी देऊन त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. ‘मागणी केली तर’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. न मागणाऱ्याला कारणं मिळत नाहीत.

मात्र भाच्यानं लिहिलेल्या ८० डॉलरचीही बाजू घेता येत नाही. फॉर्मवरचा आकडा हा दावा असतो, पुरावा नसतो. माल मुद्दाम कमी किमतीत दाखवला असं ठरलं तर तो जप्त होऊ शकतो, सोडवण्यासाठी दंड पडतो आणि वर शास्तीही लागू शकते. ‘थोडं कमी लिहिलं तर काय होतंय’ या सल्ल्यानं माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. एकदा आकडा खोटा दिसला की पुढे आपण दिलेल्या खऱ्या कागदावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

मग टिकणारी किंमत कुठली? मामांनी भाच्याकडून २०१९ चं मूळ बिल मागवावं. ते सर्वसाधारण बाजारभावाचं चित्र नाही, त्याच वस्तूसाठी खरोखर मोजलेल्या पैशांचा तो पुरावा आहे. त्यावर मॉडेल आणि शक्यतो अनुक्रमांक असावा, म्हणजे खोक्यातल्या कॅमेऱ्याशी तो ताडून पाहता येतो. त्यानंतर घसारा. जुन्या यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी सीमाशुल्क खात्याची एक जुनी मोजपट्टी आहे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, नंतर २, आणि एकूण घट ७० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. घरगुती वस्तूला ती लावलीच पाहिजे असं बंधन नाही, पण वाजवी अंदाजासाठी खात्याचाच आधार म्हणून ती पुढे ठेवता येते. पाच वर्षांची घट होते ५४ टक्के. ६५० डॉलरचे राहतात २९९. त्यावर कर सुमारे १९,४०० रुपये. मागितलेल्यापेक्षा २६ हजारांनी कमी, आणि प्रत्येक पायरीला कागदाचा आधार. वाहतूक खर्चही किमतीत मिळवतात, मात्र माल विमानानं आला असेल तर तो मालाच्या मूल्याच्या २० टक्क्यांपलीकडे धरता येत नाही. कुरिअरच्या पावतीशी हा आकडा ताडून पाहावा.

हे सगळं मांडायची योग्य वेळ एकच, माल कस्टमच्या ताब्यात असताना आणि किंमत पक्की होण्याआधी. इथेच बहुतेकांचा घात होतो. कुरिअरचं पार्सल असेल तर आपल्या वतीनं कागद कंपनीच दाखल करते. तिला माल लवकर सुटण्याची घाई असते. तिच्याकडून ईमेल येतो, ‘कस्टमनं किंमत इतकी धरली आहे, मान्य असल्याचं कळवा, म्हणजे डिलिव्हरी देतो.’ आपण ‘ओके’ लिहून पाठवतो. कलम १७ प्रमाणे वाढवलेली किंमत आपल्याला मान्य नसेल तर अधिकाऱ्यानं १५ दिवसांत कारणांसह लेखी आदेश द्यायचा असतो, पण आपण लेखी मान्यता दिली की हे बंधन राहत नाही. त्या एका शब्दानं हातातलं मुख्य हत्यार जातं. त्याऐवजी इतकंच लिहावं: ‘वाढवलेली किंमत मला मान्य नाही. वस्तू वापरलेली आहे. मूळ बिल व घसाऱ्याचा हिशेब सोबत जोडला आहे. नियम १२ नुसार शंकेची कारणं लेखी कळवावीत आणि किंमत वाढवायचीच असेल तर कारणांसह आदेश द्यावा. हे पत्र मूल्यांकन अधिकाऱ्यापुढे ठेवून पोच द्यावी.’

टपालाची तऱ्हा थोडी वेगळी. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयात अधिकारी सीएन २२ किंवा सीएन २३ हा फॉर्म पाहून ड्युटी लावतो. शंका आली तर पत्त्यावर कागदपत्रं मागणारं पत्र येतं. त्याला उत्तर न देणं म्हणजे अधिकाऱ्याला मोकळं रान देणं. पत्र न येता पोस्टमन थेट ड्युटीच्या पावतीसह दारात आला, तर पैसे देण्याआधी पावतीवरची किंमत, चलन आणि वर्णन वाचावं. रुपयांचा आकडा डॉलर समजून धरला, दशांश चिन्ह सरकलं, दोन नग मोजले, अशी सरळ चूक असेल तर कलम १५४ खाली ती साध्या अर्जावर दुरुस्त होते. त्यासाठी अपील लागत नाही.

‘आधी भरू, मग परतावा मागू’ हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. २०१९ मध्ये आयटीसी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मूल्यांकनच बदलून घेतल्याशिवाय नुसता परताव्याचा अर्ज चालणार नाही. म्हणून नाइलाजानं पैसे भरून पार्सल घ्यावं लागलं तरी ‘हरकत कायम ठेवून भरत आहे’ असं लिहून द्यावं आणि आदेशाची प्रत मागावी. आदेश हाती पडल्यापासून ६० दिवसांत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. ड्युटी भरलेली नसेल तर वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के आधी जमा करावे लागतात.

अपील प्रत्येकानं करावं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन हजारांच्या फरकासाठी येण्याजाण्यात आणि कागदांत त्याहून जास्त जातं, आणि माल अडकून राहिला तर गोदामाचं भाडंही चढतं. पण पहिल्या पत्राला खर्च नाही. बिल जोडलेलं मुद्देसूद पत्र वेळेत पोचलं तर किंमत तिथेच कमी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. न मागवलेल्या ‘परदेशी भेटी’ची ड्युटी कुणाच्या खासगी बँक खात्यात किंवा यूपीआयवर भरायला सांगणारा फोन ही फसवणूक आहे. तिथे किमतीवर वाद घालत बसू नये, फोन ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

परदेशात आपलं कुणी पार्सल बांधत असेल तर त्यांना आजच सांगा: खरी किंमत लिहा, वस्तू वापरलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा, खरेदीच्या बिलाची प्रत खोक्यात ठेवा आणि दुसरी आम्हाला मोबाइलवर पाठवा.