पावणेसहाचा फोन आणि सातची बॅच

बदली प्रशिक्षक शोधण्याची वेळ बहुधा वाईट असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जलतरण तलावावर एकवीस दिवसांचे शिकाऊ वर्ग भरतात. त्यांची पहिली बॅच सहा-सातला सुरू होते, आणि येऊ न शकणाऱ्या प्रशिक्षकाचा फोन तासभर आधी येतो: ताप आहे, गाडी घसरली, घरी कुणाला तरी दवाखान्यात न्यायचे आहे. शिकवणीच्या वर्गात अशा वेळी मुलांना वाचायला बसवता येते. तलावावर ती सोय नाही. ज्यांना अजून तरंगता येत नाही अशी दहा मुले पाण्यात असतील, तर त्यांच्यासोबत शिकवणारा माणूस असावाच लागतो.

पुढचे सगळे एका उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल. सात ते पावणेआठची बॅच, दहा मुले, वर्गाचा नववा दिवस. पाच चाळीसला प्रशिक्षकाचा फोन येतो की रात्रीपासून अंगात ताप आहे. फोन घेणारा बहुतेक ठिकाणी तलावाचा व्यवस्थापक किंवा नोंदणीच्या टेबलावर बसणारा कारकून असतो. तो लगेच यादी उघडून फोन लावायला घेतो, आणि इथेच पहिली चूक होते. आधी ठरवायची असते ती शेवटची वेळ. सर्वांत लांबून येणारे मूल किती वाजता घर सोडते? समजा सहा पस्तीसला. त्याला उठवून तयार करायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे निरोप त्या घरात सव्वासहापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि निर्णय त्याआधी पाच मिनिटे, सहा दहाला, व्हायला हवा. हाताशी आहे तो अर्धा तास. साडेसहाला कुणी सापडले तरी त्याचा उपयोग नाही, कारण तोवर बॅच रद्द झाल्याचा निरोप गेलेला असतो. तो फिरवला की निम्मी मुले येतात, निम्मी येत नाहीत आणि दिवस कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

आजारी प्रशिक्षकाला फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: उद्या येणार का, आणि बॅच कुठवर आली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याखेरीज कुणाकडेच नसते. बदली माणूस सुचवायला मात्र हरकत नसली, तरी त्याला फोन तलावाच्या कार्यालयातूनच जावा. प्रशिक्षक आपल्या मित्राला परस्पर सांगतो, कार्यालय दुसऱ्याला सांगते, आणि सात वाजता दोघे दारात उभे राहतात. कधी उलट होते: दोघांनाही वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल, आणि कुणीच येत नाही.

यादी कशी आहे यावर त्या अर्ध्या तासाचे बरेच काही ठरते. नुसती नावे आणि नंबर लिहिलेली यादी पहाटे फारशी कामाची नसते. प्रत्येक नावापुढे हवे ते एवढेच: घरापासून तलावापर्यंत किती मिनिटे, कोणत्या वेळी मोकळा, शिकाऊंना शिकवतो की स्पर्धकांना, आणि एका बॅचचे किती पैसे ठरले आहेत. ओळखीची व चारित्र्य पडताळणीची कागदपत्रे आधीच जमा असलेली माणसेच यादीत असावीत, कारण काम लहान मुलांमध्ये आहे आणि पहाटे पावणेसहाला कागद तपासता येत नाहीत.

शिकाऊ आणि स्पर्धक हा भेद बाहेरच्याला किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. राज्य पातळीवर पदके मिळवलेला तरुण पोहणारा सहज मिळतो, फुकटही येतो. त्याला स्वतःला पाण्याची भीती कधी वाटलीच नसेल, तर काठ घट्ट धरून बसलेल्या सात वर्षांच्या मुलाचे काय करायचे हे त्याला सुचत नाही. तो हात धरून ओढतो, मूल पाणी पिते, आणि आठ दिवसांची मेहनत एका मिनिटात जाते. शिकाऊ बॅचला रोज नवशिके हाताळणारा साधा प्रशिक्षक अधिक उपयोगाचा. महिलांच्या बॅचला महिला प्रशिक्षकच लागते. यादीत एकच महिला असेल आणि ती मिळाली नाही, तर पुरुष प्रशिक्षक आणून बॅच चालवण्याऐवजी ती रद्द करावी. तिथे येणाऱ्या अनेक जणी त्याच अटीवर नाव घालतात.

फोन एकेकालाच करायचा. प्रशिक्षकांच्या ग्रुपवर ‘सातला कुणी मोकळे आहे का?’ असे टाकणे मोह पाडते, पण पहाटे ते सहसा फसते. ज्यांनी वाचले त्यांना वाटते दुसरा कुणी जाईल, किंवा दोघे एकदम हो म्हणतात. उद्याच्या बॅचसाठी हाच मार्ग ठीक आहे. आजसाठी यादीतल्या सर्वांत जवळच्याला दोनदा फोन लावावा. उचलला नाही तर ‘सातच्या शिकाऊ बॅचसाठी फोन केला होता, आता पुढच्याला विचारतो आहे, परत कळवेपर्यंत निघू नये’ असा निरोप टाकून पुढचे नाव घ्यावे. शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ते नसेल तर वीस मिनिटांनी जागा झालेला माणूस भल्या मनाने गाडी काढतो.

या उदाहरणात पहिला फोन उचलत नाही, दुसरा गावाला गेलेला असतो, तिसरी प्रशिक्षिका सहा वाजून दोन मिनिटांनी होकार देते. घर पंधरा मिनिटांवर, काम शिकाऊ मुलांचेच. तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्यायची: घरातून निघताना एक फोन. ‘येते’ आणि ‘निघाले’ यांत पहाटेच्या वेळी पुष्कळ अंतर असते.

तिघांनीही नकार दिला असता तर दोन पळवाटा समोर येतात. एक म्हणजे ही दहा मुले शेजारच्या बॅचमध्ये घालणे. एक प्रशिक्षक साधारण आठ-दहा नवशिक्यांना नीट सांभाळू शकतो. वीस झाली की तो मोजत बसतो, शिकवत नाही. दुसरी पळवाट त्याहून वाईट: जीवरक्षकाला ‘आजच्या दिवस घे’ म्हणून पाण्यात उतरवणे. त्याला पोहता येते, बहुधा शिकवताही येते, पण त्याचे काम सगळ्या तलावावर नजर ठेवण्याचे आहे. एका मुलाचे पाय धरून तो लाथा शिकवत असताना बाकीच्या पाण्याकडे कुणीच पाहत नसते. बुडणारे मूल हाक मारत नाही, ते गुपचूप खाली जाते. म्हणून सहा दहापर्यंत माणूस मिळाला नाही, तर बॅच रद्द हाच बरोबर निर्णय.

निर्णय झाल्यावर पालकांना एकच निरोप जावा. आधी ‘सर आज नाहीत, बघतो’ आणि मग दुसरा, असे दोन गेले की अर्धवट झोपेत कुणी पहिलाच वाचतो आणि मुलाला परत झोपवतो. निरोपात वार, तारीख आणि बॅचची वेळ हवीच. ‘आज क्लास नाही’ एवढाच मजकूर दुसऱ्या ग्रुपवर गेला की आठच्या बॅचची मुलेही घरी राहतात, आणि दुपारी नेट चालू करणाऱ्याला तो उद्याचा वाटतो. चालणारा निरोप असा असतो:

‘मंगळवार, 12 मे. सकाळी 7 ची शिकाऊ बॅच नेहमीच्या वेळेला होईल. सरांना बरे नसल्याने आज दुसऱ्या प्रशिक्षिका शिकवतील. मुलांना रोजच्याप्रमाणे 6:50 ला आणावे. काही विचारायचे असल्यास कार्यालयाच्या नंबरवर फोन करावा.’

बॅच रद्द असेल तर त्याच निरोपात भरपाईचा दिवसही सांगावा: ‘ही बॅच शेवटच्या दिवसानंतर एक दिवस वाढवली आहे.’ ही एक ओळ राहिली की दहा घरांतून फीबद्दल दहा फोन येतात, आणि तेही नेमके अशा वेळी जेव्हा फोन मोकळा ठेवायचा असतो.

निरोप पाठवला म्हणजे तो पोहोचला असे नाही. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था असावी, नाहीतर ‘गेट वेल सून सर’च्या रांगेत मूळ मजकूर वर निघून जातो. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नये, कारण ज्याने तलावाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला तो निरोप मिळतच नाही. निरोपात वेळ चुकली तर पंधरा मिनिटांत तो सुधारता येतो खरा, पण सुधारणेची नवी सूचना फोनवर वाजत नाही. आधीच वाचून गेलेल्याला ती कळत नाही, म्हणून चूक कबूल करून नवा निरोप टाकावा. संस्थेच्या नावाने ढीगभर एसएमएस पाठवायचे तर मजकूर ट्रायच्या नियमानुसार आधी नोंदवलेला असावा लागतो. तो पहाटे तयार होत नाही, तेव्हा ‘बॅच रद्द’चा साचा हंगामाआधीच नोंदवून ठेवावा.

सहा वाजून बारा मिनिटांनी निरोप जातो. सव्वासहाच्या सुमारास निरोपाच्या माहितीत पाहिले की कुणी वाचला आणि कुणी नाही ते दिसते. इथे आठ घरांनी वाचला आहे, दोन उरली आहेत. त्या दोघांनाच फोन करायचा, दहांना नाही. एका घरी रात्री नेट बंद असते, फोनवर निरोप मिळतो. दुसरीकडे ग्रुपमध्ये नंबर आईचा आहे, ती रात्रपाळीवर आहे आणि मुलाला आजोबा आणतात. ही अडचण प्रवेश अर्जातच सुटायला हवी होती: पालकाचा नंबर आणि आणणाऱ्या माणसाचा नंबर, दोन्ही. बॅच रद्द असती तर अशा मुलासाठी दारात एक माणूस उभा ठेवावा लागला असता. बंद फाटकासमोर आजोबा आणि टॉवेल घेतलेले मूल, हे दृश्य टाळता येते.

प्रशिक्षिका वाटेत असतानाच्या मिनिटांत तिला बॅचची माहिती पाठवायची. पूर्ण अहवाल नको. सहा मुले फळी धरून पाय मारतात, तिघे पाण्यात तोंड घालतात पण तरंगत नाहीत, एक मुलगा अजून काठ सोडत नाही. एका मुलीला दम्याचा त्रास आहे, पंप तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असतो. आणि एक सूचना: आज नवे काही नको, कालचेच पुन्हा, उथळ बाजूलाच. नवा चेहरा पाहिल्यावर मुले एक पायरी मागे जातात. काल फळीवर पाय मारणारा मुलगा आज काठ धरतो, ते बिघडले असे समजायचे नाही. मुलांशी तिची ओळख रोज हजेरी घेणाऱ्या कारकुनाने करून द्यावी.

सहा चाळीसला ‘निघाले’ असा फोन येतो. आला नसता तर सातला जमलेली मुले कपडे न बदलता बाकावर बसली असती. प्रशिक्षक पोहोचेपर्यंत पाय पाण्यात सोडून काठावर बसणेही नाही.

पावणेआठला बॅच सुटते. बदलीचे ठरलेले पैसे त्याच दिवशी दिले जातात, कारण पुढच्या वेळी पाच पन्नासला फोन उचलला जाईल की नाही हे त्यावरही अवलंबून असते. हजेरीच्या वहीत त्या तारखेपुढे प्रशिक्षिका दोन ओळी लिहिते: सर्वांची श्वासाची आणि फळीची उजळणी झाली, काठ न सोडणाऱ्याने आज दोनदा हात सोडला. ताप उतरून आलेल्या प्रशिक्षकाला दहाव्या दिवशी नेमके एवढेच वाचायचे असते.