फोटोतली संख्यामालिका आणि दुसरा फरक

शिष्यवृत्ती, पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. परीक्षा कोणतीही असो, संख्यामालिकेचा प्रश्न बहुधा असतोच. तयारी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे प्रश्न हल्ली टाइप करून कमी आणि फोटो काढून जास्त येतात. गाईडचे पान वाकलेले, एका कोपऱ्यावर ट्यूबलाइटचा चकाकता डाग, कडेचा एखादा आकडा अर्धा कापलेला, आणि खाली विचारणा: ‘याचं n वं पद कसं काढायचं?’

n वे पद म्हणजे असे सूत्र, की ज्यात n च्या जागी २० ठेवले की विसावे पद मिळते आणि १०० ठेवले की शंभरावे. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत लगतच्या पदांमधला फरक सारखाच राहतो, म्हणून तिथे काम सोपे असते. फोटोतल्या मालिकांमध्ये मात्र अनेकदा हा फरकच वाढत जातो. तो ठरावीक मापाने वाढत असेल तर मालिका वर्गाची, म्हणजे an² + bn + c या घडणीची असते. अशा वेळी फरकांचे फरक काढायचे. ही रीत सूत्र तर देतेच, पण फोटो नीट वाचला गेला आहे का, हेही तीच सांगते. हा दुसरा उपयोग फारसा कुणी शिकवत नाही, आणि फोटोवरून गणित करताना खरी गरज त्याचीच असते.

आधी फरक असे का वागतात ते पाहू. रांगोळीचे ठिपके चौरसात मांडा: १, मग ४, मग ९, १६, २५. तीन-तीनच्या चौरसाचा चार-चारचा करायचा तर एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन आणि कोपऱ्यात एक, असे सात ठिपके लागतात. पुढच्या वेळी नऊ लागतात, त्याच्या पुढे अकरा. दर वेळी दोन बाजूंना एकेक ठिपका जास्त, म्हणून वाढ दोनाने वाढते. वर्गसंख्यांचे पहिले फरक ३, ५, ७, ९ आणि दुसरे फरक सगळे २, ते यामुळेच. सूत्रात n² च्या ऐवजी २n² असेल तर दुसरा फरक ४ येतो, ३n² असेल तर ६. bn हा भाग पहिल्या फरकात तेवढाच b मिळवतो आणि दुसऱ्या फरकात नाहीसा होतो. c तर पहिल्याच वजाबाकीत उडून जातो. म्हणून दुसरा फरक निम्मा केला की a हाती येतो.

आता एक फोटो घेऊ. त्यात आठ संख्या आहेत आणि त्या डोळ्यांना अशा दिसतात:

४, १५, ३०, ४१, ७२, ९९, १३०, १६५

प्रत्येक पदातून त्याच्या आधीचे पद वजा केले की पहिले फरक मिळतात:

११, १५, ११, ३१, २७, ३१, ३५

यांचे पुन्हा फरक काढले की दुसरे फरक:

४, −४, २०, −४, ४, ४

सगळे सारखे यायला हवे होते, तसे आले नाहीत. बरेच जण इथेच ‘ही वर्गाची मालिका नाही’ असे म्हणून पान उलटतात. पण ही ओळ नीट वाचा. डाव्या टोकाला ४, उजव्या टोकाला ४, ४, आणि मधे तीन आकडे बिघडलेले: एक खाली, एक बराच वर, पुन्हा एक तितकाच खाली. मालिका वेगळ्या घडणीची असती तर बिघाड असा तीनच जागांपुरता राहिला नसता. एकच पद चुकीचे वाचले गेल्याची ही खूण आहे.

ती अशी का उमटते? समजा एक पद खऱ्यापेक्षा ८ ने कमी वाचले गेले. ते दोन वजाबाक्यांमध्ये येते. आधीच्या पदापासूनचा फरक ८ ने घटतो आणि पुढच्या पदापर्यंतचा फरक ८ ने वाढतो. दुसऱ्या फरकांत पोचेपर्यंत ही चूक तीन जागी पसरते: ८ ने कमी, १६ ने जास्त, ८ ने कमी. या तिन्हींची बेरीज शून्य. म्हणजे बिघडलेल्या तीन आकड्यांची बेरीज चुकीच्या वाचनानेही बदलत नाही. आपल्या ओळीत −४, २० आणि −४ यांची बेरीज १२ येते. तिला ३ ने भागले की खरा दुसरा फरक ४. टोकांचे आकडेही ४च सांगत होते.

चूक केवढी, हे मधला आकडा सांगतो. तो ४ हवा होता, २० आहे, म्हणजे १६ ने जास्त. चूक मधल्या जागी दुप्पट होते आणि उलट चिन्हाने येते, म्हणून मूळ पद ८ ने कमी वाचले गेले आहे. कोणते पद? तीनपैकी मधला दुसरा फरक ज्या तीन पदांपासून बनतो, त्यांतले मधले. दुसऱ्या फरकांच्या ओळीत २० तिसरा आहे. तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पदापासून बनला आहे, तेव्हा चूक चौथ्या पदात. ४१ नाही, ४९. पुन्हा फोटो मोठा करून पाहिला तर कारणही कळते. ९ चा वळसा चकाकीत गेला आणि १ उरला. देवनागरी अंकांत ही जोडी सर्वांत फसवी आहे. चूक नेमकी ८ ची, ८० ची किंवा ८०० ची निघाली, तर आधी १ आणि ९ तपासावेत.

चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्रीय मंडळापुढे आपल्या फरकयंत्राचा लहान नमुना मांडला. त्याने चालवून दाखवलेले सूत्र वर्गाचेच होते: x² + x + ४१. त्यातून ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी पदे निघतात. पहिले फरक २, ४, ६, ८ आणि दुसरा फरक कायम २. यंत्राला गुणाकार करावाच लागत नव्हता, फरकांची बेरीज पुरत होती. त्यामागे जहाजे आणि खगोलगणितासाठी छापल्या जाणाऱ्या कोष्टकांतल्या चुकांचा वैताग होता. हाताने गणित करताना, नक्कल करताना आणि खिळे जुळवताना आकडे बदलत. पुढे १९३० च्या दशकात ब्रिटनच्या नॉटिकल अल्मनॅक कार्यालयात एल. जे. कॉम्री यांनी बाजारात मिळणाऱ्या हिशेबयंत्रांवर कोष्टकांचे फरक काढून त्यांतल्या चुका पकडल्या. छापील कोष्टकातला चुकलेला खिळा आणि फोटोतला पुसट ९ फरकांच्या ओळीत सारखीच खूण सोडतात.

दुरुस्त मालिका ४, १५, ३०, ४९, ७२, ९९, १३०, १६५. पहिले फरक ११, १५, १९, २३, २७, ३१, ३५ आणि दुसरे सगळे ४. म्हणून a = २.

b आणि c साठी तीन समीकरणे मांडून सोडवण्याची रीत क्लासमध्ये शिकवतात. ती बरोबर आहे, पण मला मालिकेत एक पाऊल मागे जाणे अधिक आवडते. पहिले फरक ११, १५, १९ असे चारने वाढतात, मग ११ च्या आधी ७ असणार. पहिल्या पदाआधीचे पद ४ − ७, म्हणजे −३. हे शून्यावे पद. सूत्रात n = ० ठेवले की फक्त c उरतो, म्हणून c = −३. शून्याव्या पदापासून पहिल्या पदापर्यंतची वाढ म्हणजे a + b. ती ७ आहे आणि a = २, तेव्हा b = ५. सूत्र तयार झाले:

२n² + ५n − ३

पडताळा शेवटच्या पदावर घ्यावा, कारण सूत्र काढताना आपण सुरुवातीची पदे वापरली होती. n = ८ ठेवा: १२८ + ४० − ३ = १६५. जुळले. विसावे पद हवे असेल तर ८०० + १०० − ३ = ८९७.

कापलेल्या कडेमुळे दोन वेगळे घोटाळे होतात. मधले एक पद अंगठ्याखाली गेले, समजा ४९ दिसलेच नाही, तर पहिले फरक ११, १५, ४२, २७, ३१, ३५ असे येतात. ४२ शेजाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे, कारण त्यात दोन पावले एकत्र मोजली गेली आहेत. ४२ चे असे दोन भाग करा, की दुसरा पहिल्यापेक्षा ४ ने मोठा असेल: १९ आणि २३. हरवलेले पद ३० + १९ = ४९.

दुसरा घोटाळा अधिक कपटी आहे, कारण फरकांना तो दिसतच नाही. वरची कड कापली जाऊन मालिका १५ पासून सुरू झाली, तर दुसरे फरक सगळे ४च येतील, पडताळाही जुळेल आणि सूत्र निघेल २n² + ९n + ४. तेही खोटे नाही, पण त्यात १५ हे पहिले पद धरले आहे. गाईडमध्ये ते दुसरे असेल, तर विसाव्या पदाचे उत्तर ९८४ येईल आणि ते चुकेल. इथे उपाय एकच: पूर्ण पानाचा फोटो मागवणे.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चुकलेले पद अगदी शेवटचे असेल तर एकच दुसरा फरक बिघडतो. मग चूक वाचनाची, छपाईची, की मालिकाच तिथे वळली आहे, हे फरकांवरून ठरत नाही. दुसरे फरक वरखाली न होता सतत वाढत असतील, जसे घनसंख्यांचे १२, १८, २४, तर आणखी एक ओळ खाली उतरून तिसरे फरक काढावे लागतात. आणि फक्त तीन पदे दिली असतील तर दुसरा फरक एकच मिळतो. तो कशाशीही जुळवून पाहता येत नाही, म्हणून कोणत्याही तीन संख्यांना एक वर्गसूत्र बसवता येते. १, २, ४ नंतर वर्गसूत्राने ७ येतो, दुपटीने ८. दोन्ही बरोबर.

म्हणून प्रश्नाचा फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. पान सपाट ठेवा, दिवा बाजूला घ्या, मालिकेचे पहिले पद चौकटीत येऊ द्या आणि निदान सहा पदे दिसतील असे पाहा. पाठवण्यापूर्वी फोटोखाली तेच आकडे एकदा टाइप करा. १ आणि ९ चा वाद तिथेच मिटतो.